काठावरचा ढग

भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे 400 प्रकाशवर्षांवर, आकाशाला भोक पडल्यासारखा एक काळा डाग दिसतो. त्याचं नाव बर्नार्ड 68. हा वायू-धुळीचा ढग आहे: वस्तुमान साधारण दोन सूर्यांएवढं, तापमान उणे 260 अंशांच्या आसपास.

ही थंडीच महत्त्वाची. ढगाचं गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं, वायूचा दाब बाहेर रेटतो. वायू जितका गार, तितका दाब कमी. पण नुसतं गार असून भागत नाही. तेवढ्या जागेत पुरेसं वस्तुमानही लागतं. ते नसेल तर गोळा तसाच टिकतो, किंवा विरूनही जातो.

बर्नार्ड 68 नेमका काठावर आहे. त्यामागचे तारे अवरक्त प्रकाशात धुळीतून दिसतात. कुठला तारा किती लालसर झाला, यावरून 2001 साली खगोलशास्त्रज्ञांनी आतली घनता मोजली. ती तोल सुटण्याच्या मर्यादेला अगदी खेटून निघाली. पुढे वायूचा वेग मोजला, तर पृष्ठभाग कुठे आत तर कुठे बाहेर सरकताना आढळला. म्हणजे बहुधा ढग नुसताच थरथरतोय. त्याच्या कडेला एक छोटी गाठ आहे. ती येऊन आदळतेय आणि तिच्या भारानं ढग कोसळेल, असा एक अंदाज आहे. मला तो पटतो.