ड्रायर डोक्यावर घेताना

पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत स्वयंपाकघराला लागून जी चिंचोळी जागा सोडलेली असते, तिला बिल्डरच्या नकाशात ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात. जुलैमध्ये ती मुळीच ड्राय नसते. ग्रिलमधून तुषार आत येतात, दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही दमट लागते आणि घरात ड्रायर घ्यायचा विषय निघतो. जमिनीवर जागा एकाच यंत्रापुरती असते. मग दुसरे यंत्र पहिल्याच्या डोक्यावर चढवायचे ठरते.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनवर ड्रायर ठेवता येतो, पण दोहोंच्या मध्ये स्टॅकिंग किट हवे. हे किट दिसायला किरकोळ असते. चार पत्र्याच्या पट्ट्या आणि मूठभर स्क्रू, किंवा एक चौकट; महागड्या प्रकारात कपड्यांची बादली टेकवायला बाहेर सरकणारी फळीही मिळते. एवढ्याशा वस्तूचे पैसे कशाला द्यायचे, ड्रायर काही उडून जात नाही, असे म्हणून कित्येक जण मध्ये रबरी मॅट घालतात आणि मोकळे होतात. ड्रायर उडून जात नाही हे खरे, पण तो चालू लागतो.

त्याचे कारण खालच्या यंत्राच्या पोटात आहे. ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेत असताना 300 ग्रॅम ओले कापड एका बाजूला गोळा झाले, तर ते ड्रमला साधारण 120 किलोच्या जोराने बाहेर ओढते आणि ही ओढ सेकंदाला 20 वेळा गरकन फिरते. ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, खाली शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात, आतल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांमुळे यंत्र 65-75 किलो भरते. त्यामुळे यातला थोडाच धक्का बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचतो. पण तो रोज पोचतो. ड्रायरचे गुळगुळीत पाय वॉशिंग मशीनच्या गुळगुळीत माथ्यावर दर धुण्यात केसभर सरकत राहतात आणि एके दिवशी पुढचा पाय काठाशी येतो. किट ड्रायरचे वजन पेलत नाही. ते खालच्या यंत्राच्या बाजूच्या पत्र्यांवरच जाते. किट फक्त पाय खोबणीत धरून ठेवते आणि मागून स्क्रूने दोन्ही यंत्रे एकमेकांना बांधते. उलटी रचना, म्हणजे ड्रायरवर वॉशिंग मशीन, का चालत नाही हेही यातून कळते. जड, पाण्याने भरलेले आणि थरथरणारे यंत्र खालीच बरे.

किटच्या डब्यावर अमुक किलोपर्यंत चालेल असे कधी लिहिलेले असते, कधी नसते. त्यापेक्षा महत्त्वाची असते ती कोणते ड्रायर कोणत्या वॉशिंग मशीनवर चालतात याची कंपनीची यादी. साध्या कंडेन्सर ड्रायरचे वजन 40 किलोच्या आसपास असते, हीट पंपवाला कॉम्प्रेसरमुळे 50 किलो ओलांडतो. बहुतेक वेळा घोटाळा वजनाचा नसून खोलीचा होतो. आपल्याकडे लहान घरांसाठी 6 किलोची, जेमतेम 45 सेंटिमीटर खोल फ्रंट लोड यंत्रे पुष्कळ खपतात. ड्रायर 60 सेंटिमीटर खोल. दोघांची रुंदी सारखीच, 60 सेंटिमीटर, म्हणून समोरून पाहणाऱ्याला जोडी शोभून दिसते. प्रत्यक्षात ड्रायरचे मागचे किंवा पुढचे पाय अधांतरी राहतात आणि कुठलेही किट त्यांना आधार देऊ शकत नाही. पट्ट्याने आवळायचे ‘युनिव्हर्सल’ किटही नाही.

आता जमीन. भरलेले वॉशिंग मशीन, ड्रायर, दोहोंतले कपडे आणि पाणी मिळून 150-160 किलो होतात. भारतीय मानकांनुसार घरातल्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून आखतात, तो पूर्ण खोलीभर. कपड्यांनी गच्च भरलेले लोखंडी कपाट जिथे उभे राहते तिथे ही जोडीही उभी राहते. काळजी करायची ती लाकडी तुळयांवरच्या जुन्या जमिनीची आणि सळ्या गंजून खालून पोपडे सुटलेल्या बाल्कनीची. आणि चाकांच्या स्टँडची! वॉशिंग मशीनखाली तो ठेवायची आपल्याला भारी हौस. एकट्या यंत्राखालीच तो डुगडुगतो. वर ड्रायर असताना तो काढलाच पाहिजे.

ड्राय बाल्कनीच्या फरशीला मोरीकडे ढाळ असतो. मीटरला 1 सेंटिमीटर उतार म्हणजे यंत्राच्या 60 सेंटिमीटर रुंदीत 6 मिलिमीटरचा फरक. जमिनीपाशी तो डोळ्यांना दिसतही नाही, पण 170 सेंटिमीटर उंचीवर जोडीचा माथा 17 मिलिमीटर कलतो. म्हणून आधी वॉशिंग मशीनचे पाय फिरवून, माथ्यावर लेव्हल पट्टी आडवी-उभी ठेवून ते समतल करायचे आणि पायांचे चेकनट आवळायचे. एकदा ड्रायर चढला की हे काम करता येत नाही. नवे यंत्र असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले का, तेही याच वेळी पाहायचे. ते राहिले तर पहिल्याच स्पिनला यंत्र नाचते.

मापांचा हिशेब एका ठरावीक कोनाड्यावर करून पाहू. रुंदी 66 सेंटिमीटर, खोली 72, वर 190 सेंटिमीटरवर गीझरचा तळ. दोन यंत्रे 85 अधिक 85, फळीच्या किटचे आणखी थोडे, उंची बसते. रुंदीतही दोन्हीकडे 3 सेंटिमीटर हवा उरते. अडते ते मागच्या भिंतीवर. वॉशिंग मशीनचा नळ 105 सेंटिमीटरवर, सॉकेट 120 वर, म्हणजे दोन्ही नेमके ड्रायरच्या पाठीशी. नळ आणि त्यावरचा पाइप भिंतीपासून 12 सेंटिमीटर बाहेर येतात. ड्रायर 60 खोल. 60 अधिक 12, झाले 72. कागदावर बसले, पण नळ बंद करायला हात जायला जागा नाही आणि प्लग काढायचा तर जोडी ओढावी लागेल. उपाय सोपा आहे, फक्त यंत्र यायच्या आधी करायचा: प्लंबरकडून नळ बाजूच्या भिंतीवर आणि इलेक्ट्रिशियनकडून 16 अँपिअरचे दोन स्वतंत्र सॉकेट तिथेच. वॉशिंग मशीनचा हीटर एकटाच 2000 वॉटच्या आसपास घेतो, तेव्हा दोन्ही प्लग एका एक्स्टेन्शन बोर्डात खुपसणे बरे नव्हे.

उंचीची एक मर्यादा माणसाचीही असते. बऱ्याच ड्रायरची पाण्याची टाकी वरच्या कोपऱ्यात असते, म्हणजे जोडीत ती 160 सेंटिमीटरच्या वर जाते. घरातल्या आजींनी ती काठोकाठ भरलेली टाकी डोक्यावरून उतरवायची का, हे दुकानातच विचारून घ्यावे. ड्रायरला निचऱ्याचा पाइप जोडता येत असेल तर पाणी थेट वॉशिंग मशीनच्याच ड्रेनमध्ये सोडता येते.

चढवताना दोन धडधाकट माणसे लागतात आणि पकड खालून, दारावर किंवा वरच्या झाकणावर नव्हे. हीट पंपवाला ड्रायर वाटेत आडवा झाला असेल, तर पुस्तिकेत दिलेले काही तास तो उभा ठेवून मगच सुरू करायचा. जोडणी झाल्यावर ड्रायरच्या पायांच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवावी, कुशल मेकॅनिक ही युक्ती करतात. महिनाभराने पाय रेघेवरून हललेला दिसला, किंवा स्पिनच्या वेळी वरचे दार खडखडू लागले, तर स्क्रू ढिले आहेत किंवा खालचा एखादा पाय जमिनीला टेकत नाही. अशा वेळी वॉशिंग मशीन थांबवून, ड्रायर उतरवून, पुन्हा लेव्हल पट्टीपासून सुरुवात करावी लागते.