शास्त्रज्ञांना बांधावर बोलावताना

कपाशीच्या पट्ट्यात जुलै सरला की कृषी विज्ञान केंद्रांकडे शेतकरी गटांची पत्रं येऊ लागतात. बहुतेकांचा मजकूर ठरलेला असतो: "आमच्या गावात कीड व्यवस्थापनावर मार्गदर्शनपर कार्यक्रम आयोजित केला आहे, तरी आपण उपस्थित राहून मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती." पत्रात चूक काही नसते, पण पीक कोणतं, पेरणी कधीची, कीड कोणती आणि दिसली कुठे, हेही नसतं. मग शास्त्रज्ञ सर्व किडींवर चालेल असं भाषण तयार करून येतात. सभामंडपात सत्कार होतो, तासभर माहिती मिळते, आणि शेवटी मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "ते सगळं ठीक आहे साहेब, पण आता फवारायचं कोणतं?" शेत न पाहता त्याचं नेमकं उत्तर कुणालाच देता येत नाही.

हे टाळायचं तर गटप्रमुखाने पत्रात काय लिहावं, ते गुलाबी बोंडअळीच्या उदाहरणाने पाहू. ही अळी निवडण्याचं कारण तिच्या वागण्यात आहे. मादी पतंग पात्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली बारीक अळी थोड्याच वेळात आत शिरते आणि तिने पाडलेलं छिद्र नंतर बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. अळी एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून या किडीच्या बाबतीत औषधाच्या नावाआधी वेळ महत्त्वाची, आणि वेळ कळण्यासाठी मोजणी लागते.

बीटी बियाण्याने हा प्रश्न सुटेल असं एकेकाळी वाटलं होतं. भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि दोन जनुकांचं बीटी २००६ मध्ये. पुढे गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या जनुकालाही दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने कपाशीचं प्रचंड नुकसान केलं. आता पाकिटावर बीटी लिहिलेलं असलं तरी या अळीसाठी शेतात उतरून पाहावंच लागतं.

समजा, गटाची पेरणी २० जूनच्या आसपास झाली आहे. पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास पात्या भरात येतात आणि साठाव्या दिवसापर्यंत फुलं दिसू लागतात. प्रशिक्षण घ्यायचं ते याच टप्प्यावर, म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. ऑक्टोबरमध्ये बोंडं किडकी निघाल्यावर शास्त्रज्ञांना बोलावलं, तर नुकसान मोजण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. असं पत्र साधारण पुढीलप्रमाणे लिहिता येईल. हा नमुना आहे. आकडे प्रत्येकाने आपल्या शेतातले घालावेत.

दिनांक : ५ ऑगस्ट

प्रति,
मा. विषय विशेषज्ञ (पीक संरक्षण),
कृषी विज्ञान केंद्र

विषय : कपाशीवरील गुलाबी बोंडअळीबाबत प्रत्यक्ष शेतात प्रशिक्षण मिळणेबाबत.

महोदय,

आमच्या गटात २२ शेतकरी असून त्यांची सुमारे ६० एकर कपाशी एकमेकांना लागून आहे. पेरणी १८ ते २५ जून या काळात झाली. जमीन मध्यम ते भारी, बहुतेक क्षेत्र कोरडवाहू. सध्या पात्या लागत आहेत.

गेल्या हंगामात आमच्यापैकी ९ जणांनी फरदड घेतली व पऱ्हाट्या मार्चपर्यंत बांधावर रचून ठेवल्या होत्या. शेवटच्या दोन वेचण्यांत किडका कापूस मोठ्या प्रमाणात निघाला. गावापासून दोन किलोमीटरवर जिनिंग आहे.

१ ऑगस्ट रोजी आम्ही ५ शेतांत एकरी २ याप्रमाणे कामगंध सापळे लावले. पहिल्या तीन रात्रींत सापळ्यामागे सरासरी १, ० व २ पतंग आढळले. आतापर्यंत वापरलेल्या कीटकनाशकांची यादी सोबत जोडली आहे.

आम्हांला पुढील गोष्टी शिकायच्या आहेत : १) डोमकळी ओळखणे व मोजणे. २) सापळ्यातील आकड्यावरून फवारणीचा निर्णय घेणे. ३) पोळ्याच्या अमावस्येला सगळे गाव फवारते, त्या वेळी सापळ्यात पतंग कमी असतील तर काय करावे? ४) दुकानदार दोन-तीन औषधे एकत्र करून देतात, त्यांतील कोणती मिसळू नयेत?

प्रशिक्षण १८ ते २१ ऑगस्टदरम्यान आपल्या सोयीच्या दिवशी सकाळी ८ वाजता शेतातच घ्यावे, ही विनंती. गटातील सभासदांसोबत फवारणी करणारे ६ मजूर व निंदणी-वेचणी करणाऱ्या १० महिला उपस्थित राहतील. पाऊस असल्यास शाळेच्या वर्गखोलीची सोय केली आहे. सप्टेंबरअखेर बोंडे तपासण्यासाठी आपण पुन्हा एकदा यावे, अशीही विनंती आहे.

आपला विश्वासू,
गटप्रमुख

प्रत माहितीस्तव : तालुका कृषी अधिकारी, सहायक कृषी अधिकारी

या पत्रातला सर्वांत मोलाचा परिच्छेद फरदडीचा आहे, आणि लिहिताना गटप्रमुखाचा हात अडखळणारही तिथेच. नियमित वेचण्या संपल्यावर पाणी देऊन तीच कपाशी पुढे ठेवायची, ही फरदड. ती घेऊ नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, त्यामुळे आपण घेतली हे कबूल करणं जड जातं. पण शास्त्रज्ञांना नेमकं तेच कळायला हवं. थंडीत काही अळ्या सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत, वाळक्या बोंडांत, बांधावरच्या पऱ्हाट्यांत आणि जिनिंगमधल्या सरकीत त्या पडून राहतात. पुढच्या हंगामाचे पहिले पतंग तिथूनच येतात. पत्रात फरदड, पऱ्हाट्या आणि जिनिंग या तिन्हींचा उल्लेख वाचला की कीड या गावात कुठून येत असेल, याचा अंदाज शास्त्रज्ञांना घरी बसूनच बांधता येतो.

दुसरी महत्त्वाची ओळ मजुरांची. गटाच्या सभासदांच्या यादीत जमीनधारकांची नावं असतात. पाठीवर पंप असतो तो बहुधा दुसऱ्याच्या. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याएवढं वाढलेलं पीक, वेगवेगळ्या औषधांची एकत्र मिसळण आणि अंगावर संरक्षक कपडे नाहीत, असं सगळं तिथे जुळून आलं होतं. प्रशिक्षणात मालक बसले आणि फवारणारे त्या दिवशीही दुसऱ्याच्या शेतात गेले, तर डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष, हे ज्याला कळायला हवं त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून त्या दिवसाची मजुरी गटाने द्यायची, हे आधीच ठरवून घ्यावं. औषधांच्या यादीमागेही हाच विचार आहे. ती आधी हातात आली, तर कोणती दोन औषधं एकाच गटातली आहेत आणि कोणती मिसळण धोक्याची, हे शास्त्रज्ञ तपासून येऊ शकतात.

आता प्रशिक्षणाची सकाळ पाहू. समजा, १९ ऑगस्टला सगळे शेतात जमले आहेत. सापळ्यांच्या वहीत आधीच्या तीन रात्रींची सापळ्यामागची सरासरी ६, ९ आणि ५ पतंग अशी आहे. ठोकताळा असा की सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर धोक्याची पातळी गाठली. इथे एकाच रात्री आकडा आठच्या वर गेला आहे, तेव्हा सापळ्यावरून अजून हिरवा कंदील नाही. सापळ्यालाही मर्यादा आहे. मादीच्या गंधाची गोळी ठेवलेली असल्याने त्यात फक्त नर सापडतात. पतंग आले, एवढं सापळा सांगतो. नुकसान किती झालं, हे सांगत नाही. गोळी जुनी झाली किंवा सापळा पिकाच्या खाली दबला, तरी आकडा उतरतो आणि कीड कमी असल्याचा भास होतो. एकरी दोन सापळ्यांनी कीड आटोक्यात येते असंही नाही. ते फक्त पाळत ठेवण्यासाठी.

म्हणून पुढे फुलं मोजायची. शेतात पाच ठिकाणी थांबून प्रत्येक ठिकाणी २० फुलं पाहायची, एकूण १००. अळी लागलेलं फूल नीट उमलत नाही. तिने पाकळ्या लाळेच्या धाग्यांनी आतून बांधून टाकलेल्या असतात, त्यामुळे फूल गुलाबाच्या अर्धवट कळीसारखं मिटलेलं राहतं. हीच डोमकळी. बोटांनी पाकळ्या सोडवल्या की आत परागकण खात बसलेली अळी दिसते. या वयात ती पांढुरकी असते, गुलाबी रंग मोठेपणी चढतो. म्हणून "गुलाबी अळी कुठे दिसली नाही" असं सांगणारा शेतकरी खोटं बोलत नसतो. समजा, १०० फुलांत ४ डोमकळ्या निघाल्या. धोक्याची पातळी १० टक्के, इथे ४ टक्के. दोन्ही मोजण्या एकच सांगतात: रासायनिक फवारणीची वेळ आलेली नाही. डोमकळ्या तोडून अळीसकट नष्ट करायच्या, १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पावडर या हिशेबाने पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा आणि सापळे रोज पाहत राहायचं.

सप्टेंबरअखेर मोजणी बदलते. तोवर बोंडं धरलेली असतात आणि बाहेरून काही कळत नाही. एकरातून वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडून दगडाने फोडायची. त्यांतल्या दोनांत जिवंत अळी निघाली, तर १० टक्के झाले आणि फवारणीचा निर्णय घ्यावा लागतो. पत्रात दुसऱ्या भेटीची मागणी आहे ती यासाठीच. फुलांच्या दिवसांत बोंडं फोडणं शिकवता येत नाही.

राहिला अमावस्येचा प्रश्न. अंधाऱ्या रात्रींच्या सुमारास बोंडअळ्यांचे पतंग जास्त अंडी घालतात, हा अनुभव शेतकऱ्यांकडे आहे आणि कृषी खात्याच्या सल्ल्यांतही त्याचा उल्लेख असतो. पण पोळा कधी ऑगस्टमध्ये येतो, कधी सप्टेंबरमध्ये, आणि त्या दिवशी कुणाचं पीक पात्यांवर असतं, कुणाचं बोंडांवर. त्यामुळे अमावस्या जवळ आली की आधी सापळे आणि फुलं बघून यावं. पंप काढायचा की नाही, ते त्यानंतर.

मोजणी करून घेतलेलं प्रशिक्षण कधीकधी "आज फवारू नका" या सल्ल्यावर संपतं, हे गटप्रमुखाने सभासदांना आधीच सांगून ठेवावं. औषधाचं नाव घ्यायला जमलेल्यांचा त्याने विरस होतो, आणि शेजारच्या शेतात पंप सुरू झाला की तो सल्ला पाळणं आणखी अवघड जातं. पतंग बांध ओळखत नाहीत, तेव्हा साठ एकरांत पाच-सहा जणांनी मोजणी सोडून आपल्या मनाने फवारलं, तरी बाकीच्यांचा हिशेब बिघडतो. म्हणून शास्त्रज्ञ निघण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात: कोणत्या दिवशी कुणी कुणाच्या शेतात मोजायचं, आणि आकडे दर आठवड्याला केंद्राकडे कुणी कळवायचे.