शब्दाचा दर आणि वाचनाचा वेळ

मॅडम,

गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर सांगितलंत की यापुढे संमतिपत्रांचा मराठी मसुदा आधी यंत्राकडून तयार करून घेणार, मी तो फक्त 'बघून' द्यायचा आणि दर 2 रुपयांवरून 80 पैशांवर येणार. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. यंत्राला माझा विरोध नाही. पण 80 पैसे हा आकडा कुठे चुकतो, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्या कामातली पहिली मोठी काटछाट यंत्रानुवादाने केली नव्हती, ट्रान्सलेशन मेमरीने केली. मेमरी म्हणजे आधी माणसाने केलेल्या वाक्यांचा साठा. नव्या फाइलमध्ये तेच वाक्य आलं की जुना अनुवाद समोर येतो, आणि वाक्य जवळपास सारखं असेल तर किती टक्के जुळतं ते दिसतं. त्यावरून सवलतीचा तक्ता ठरला. तंतोतंत जुळणाऱ्या वाक्याला नाममात्र पैसे, थोडा फरक असेल तर अर्धे-पाऊण आणि नव्याला पूर्ण. सुरुवातीला आम्ही कुरकुरलो, पण तक्ता न्याय्य होता. जुळलेलं वाक्य कुणीतरी आधी वाचलेलं, तपासलेलं आणि मंजूर झालेलं असायचं.

गूगलच्या अनुवादसेवेत मराठी 2013 साली आली. तेव्हाचं यंत्र संख्याशास्त्रावर चालायचं. इंग्रजी-मराठी जोडमजकुरात कोणता शब्दसमूह कशासमोर येतो याचा हिशेब मांडून ते वाक्य जुळवायचं. मराठीत क्रियापद शेवटी जातं, विभक्ती शब्दाला चिकटते, विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं आणि जोडमजकूर तर तुटपुंजा. त्यामुळे निघणारं मराठी मोडकं असायचं. दरांवर त्याचा काही परिणाम झाला नाही, कारण चूक पहिल्याच नजरेत दिसायची आणि असा मसुदा दुरुस्त करण्यापेक्षा कोरा कागद बरा वाटायचा.

खरा बदल 2017 च्या एप्रिलमध्ये झाला. गूगलने मराठीसह अनेक भारतीय भाषा न्यूरल पद्धतीवर आणल्या. आता यंत्र वाक्य तुकड्यांत न पाहता सबंध घेऊ लागलं आणि मराठी एकदम वाहती झाली. पुढे आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने 'समानंतर' हा मोठा जोडमजकुराचा संग्रह 2021 मध्ये खुला केला आणि 2023 मध्ये आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी 'इंडिकट्रान्स2' आणलं. तोवर चॅट करणारी मोठी मॉडेलंही आली होती. आज मसुदा चांगला येतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण याच काळात चुकीची जात बदलली आणि दर ठरवताना तेच सुटतं आहे. जुनी चूक ओबडधोबड होती, नवी चूक शुद्ध मराठीत येते. संमतिपत्रातलंच उदाहरण घ्या. मूळ इंग्रजीत असतं की या अभ्यासात तुम्हाला थेट फायदा कदाचित होणार नाही. यंत्राच्या मसुद्यात अशा ठिकाणी 'तुम्हाला कोणताही थेट फायदा होणार नाही' असं वाक्य मिळतं. व्याकरण निर्दोष, वाचायला सुबक, फक्त शक्यतेची खात्री झाली. सहभागी होऊ पाहणारा रुग्ण या वाक्यावरून निर्णय घेतो. ही चूक मराठी कितीही वेळा वाचून सापडत नाही, इंग्रजी शेजारी ठेवूनच सापडते. हीच गत 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त नाही' यांची. एकाच तपासणीला तिसऱ्या पानावर एक नाव आणि नवव्या पानावर दुसरं, हेही नेहमीचं.

म्हणून मी किती अक्षरं बदलली ते मोजून पैसे देण्याची तुमची दुसरी सूचना मला अमान्य आहे. वरच्या वाक्यात बदल एखाद्या शब्दाचा आहे, मोजणारं सॉफ्टवेअर तो क्षुल्लक धरणार. आणि जिथे मी काहीच बदललं नाही, तिथेही दोन्ही भाषांतलं वाक्य वाचून, जुळवून, बरोबर आहे असं ठरवलेलं असतं. टायपिंग घटलं, वाचन घटलं नाही.

आता हिशेब. 6,000 शब्दांचं संमतिपत्र धरा. त्यातले 2,400 शब्द आधीच्या मंजूर मजकुरातून मेमरीत जुळतात, उरले 3,600. या प्रकारचा वैद्यकीय मजकूर कोऱ्यावरून करताना तासाला 300 शब्द होतात असं धरलं तर बारा तास, 2 रुपयांनी 7,200 रुपये, म्हणजे तासाला 600. चांगला मसुदा हाती असेल तर वेग तासाला 500 वर जातो आणि तेच काम सव्वासात तासांच्या आत होतं. 80 पैशांनी त्याचे 2,880 रुपये होतात, म्हणजे तासाला 400. 1 रुपया 20 पैसे धरले तर 4,320 रुपये, पुन्हा तासाला 600. यंत्रामुळे वाचलेला वेळ पूर्णपणे तुमच्या पदरात पडावा, हे मला मान्य आहे. तो चाळीस टक्के आहे, साठ नाही. दुष्परिणाम, नुकसानभरपाई आणि गर्भधारणेविषयीच्या परिच्छेदांत तर वेग वाढतच नाही, ते मी पूर्वीइतक्याच सावकाश वाचते.

कामाच्या क्रमाबद्दलही सांगायला हवं. प्रोटोकॉलची सुधारित आवृत्ती आली की संमतिपत्रातली मोजकी वाक्यं बदलतात. बाकीचं मराठी एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं असतं, त्याला हात लावायचा नसतो. मागच्या वर्षी एका दुसऱ्या एजन्सीने अशी सुधारित फाइल सबंध यंत्रातून काढून माझ्याकडे पाठवली. मंजूर वाक्यंही नव्या शब्दांत आली होती. तशीच पुढे गेली असती तर कमिटीला पानोपानी बदल दिसले असते आणि बॅक-ट्रान्सलेशन पुन्हा सगळ्याचं करावं लागलं असतं. मी जुनी मेमरी मागवून मंजूर वाक्यं परत बसवली. त्या कामाला मूळ अनुवादापेक्षा जास्त वेळ गेला आणि त्याचं बिल कुठल्या दराने करायचं हे ठरलेलंच नव्हतं. क्रम असा हवा: आधी मेमरी लावायची, तिच्यात जे सापडत नाही तेवढंच यंत्राकडे द्यायचं, आणि स्पॉन्सरने गोपनीयतेचा करार केला असेल तर फुकट मिळणाऱ्या सार्वजनिक सेवेत फाइल टाकायची नाही.

यंत्राच्या मसुद्याची माणसाने करायची पूर्ण दुरुस्ती हे वेगळं काम आहे. त्याला 2017 पासून आयएसओ 18587 हे स्वतंत्र मानक आहे. अनुवादसेवेचं नेहमीचं आयएसओ 17100 मानक त्याला लागू होत नाही. तुमच्या ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रावर यापैकी कोणतं काम झालं ते स्पष्ट लिहावं, माझी सही त्याखाली असणार आहे.

तर पुढच्या फाइलपासून एवढं करा. मसुदा यंत्राचा असेल तर आधी कळवा. मेमरी सोबत पाठवा. पहिले 500 शब्द मी वेळ मोजून करून दाखवीन. त्यावरून त्या फाइलचा दर ठरवू, मसुदा चांगला असेल तर 1.20 आणि वाईट असेल तर पूर्ण 2 रुपये. बॅक-ट्रान्सलेशननंतर येणाऱ्या शंकांची उत्तरं तासाच्या हिशेबाने. हे मान्य असेल तर सोमवारी हृदयरोगाच्या अभ्यासाची फाइल पाठवा, लगेच सुरू करते.