या आठवड्यात बॅकअप जमणार नाही

सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘ऑन-कॉल’ची पाळी दोघांची लावतात. प्रणालीत बिघाड झाला की पहिला फोन प्रायमरीला जातो. त्याने ठरलेल्या मिनिटांत तो स्वीकारला नाही, तर आपोआप सेकंडरीला, म्हणजेच बॅकअपला जातो. आठवड्यातल्या बहुतेक रात्री बॅकअपचा फोन वाजतच नाही. त्यामुळे ही पाळी नावापुरती वाटते आणि ‘जमणार नाही’ हे सांगणे शेवटच्या दिवसापर्यंत लांबते.

बॅकअप नसेल तर काय होते, ते एका रात्रीच्या हिशेबात दिसते. पैसे भरण्याची सेवा रात्री २.१० ला बंद पडली. प्रायमरी गाढ झोपेत आहे. पाच मिनिटांची मुदत संपून २.१५ ला फोन बॅकअपकडे गेला, पण त्याचा फोन सायलेंटवर. तिथे दहा मिनिटे गेली आणि २.२५ ला मॅनेजरची झोप मोडली. अजून कोणी लॅपटॉप उघडलेला नाही. सेवा ९९.९९ टक्के वेळ चालू राहील असे आश्वासन दिले असेल, तर तीन महिन्यांत बंद राहण्याची एकूण सवलत सुमारे १३ मिनिटांची असते. इथे पंधरा तर नुसत्या वाट पाहण्यात गेली. याउलट बॅकअप नाही हे आधी ठाऊक असते, तर यादीतून ती पायरी काढून २.१५ लाच मॅनेजरला उठवता आले असते. गैरहजर बॅकअपपेक्षा रिकामी जागा परवडते, ती अशी.

म्हणून नकार देताना कारणापेक्षा वेळ नेमकी सांगावी लागते: कधीपासून कधीपर्यंत फोन घेता येणार नाही. पुण्यातल्या एका टीमचे उदाहरण घेऊ. पाळी सोमवारी सकाळी दहाला बदलते. बॅकअपच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन त्याच आठवड्यात गुरुवारी आहे. आधीच्या गुरुवारी तो प्रायमरीला लिहितो: “अरे, येत्या सोमवारपासून आठवडाभर मला बॅकअप जमणार नाही. गुरुवारी आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, रात्री फोन बंद असेल. २२ तारखेच्या आठवड्याची सेकंडरी अदलाबदलीला तयार आहे, तिला विचारलंय. तुला चालत असेल तर आज संध्याकाळपर्यंत मी शेड्यूल बदलतो. नाहीतर दिवसा दहा ते सात मी घेतो, रात्रींसाठी कोणीतरी बघू.” यात ‘सॉरी’ एकदाही नाही, आणि त्यावाचून काही अडलेलेही नाही. प्रायमरीला फक्त हो किंवा नाही म्हणायचे उरते.

पर्याय सुचवताना नुसते नाव सुचवून भागत नाही. त्या व्यक्तीला आधी विचारलेले असावे. न विचारता पुढे केलेले नाव म्हणजे परस्पर टाकलेले ओझे. तिच्याकडे प्रॉडक्शनचा ॲक्सेस आणि चालू असलेला व्हीपीएन हवा, नाहीतर ती उठेल पण आत शिरू शकणार नाही. त्याच रात्री ती दुसऱ्या सेवेची प्रायमरी नाही ना, हेही बघावे: डेटाबेस बसला की दोन्ही सेवा एकदमच ओरडतात. आठवड्याला आठवडा अशी अदलाबदल सर्वांत सोपी; हिशेब तिथेच फिटतो. रात्री तिघांत वाटून घेता येतात, पण मग हस्तांतरणाच्या वेळा वाढतात आणि चूक बहुधा त्या सांध्यातच होते. अमेरिकेतली टीम असेल तर भारतातली रात्र हा तिकडचा दिवस असतो. मात्र त्या टीमला ही सेवा माहीत असली पाहिजे. कोणीच मिळाले नाही, तर तेही स्पष्ट सांगून ती पायरी थेट मॅनेजरकडे वळवावी.

यानंतरचे काम बहुतेकांकडून राहते. चॅटवर ‘हो, चालेल’ आले म्हणजे बदल झाला असे नाही. फोन लावणारे यंत्र चॅट वाचत नाही. PagerDuty सारख्या साधनात त्या मुदतीपुरता ओव्हरराइड टाकावा लागतो, आणि तिथे वेळेची गफलत ठरलेली. शेड्यूल यूटीसीत असेल तर भारतातले सकाळचे दहा म्हणजे तिथले ४.३०. कोणी सरळ १०.०० टाकले, तर बदल दुपारी साडेतीनला लागू होतो आणि मधले साडेपाच तास जुन्याच माणसाच्या नावावर राहतात. बदलीच्या दिवशी ‘आत्ता ऑन-कॉल कोण’ हे पान उघडून नाव वाचले की ही चूक लगेच कळते. नव्या बॅकअपला एक चाचणीचा फोनही पाठवावा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून तो वाजतो का, हे दुपारी तपासलेले बरे.

२२ तारखेच्या आठवड्यासाठी दुसरा ओव्हरराइड, उलट नावाचा, त्याच बैठकीत टाकला की अदलाबदल पुरी होते.