हायड्रोच्या डब्यावर पाणी टाकायचे की नाही?

डाईंग खात्यातील कामगाराला सोडियम हायड्रोसल्फाइट म्हटले तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. "हायड्रो" म्हटले की लगेच डब्याकडे बोट दाखवील. व्हॅट रंगात कापड रंगवायचे तर जिगरमध्ये कॉस्टिकबरोबर ही पांढरी पूड टाकावीच लागते, एरवी रंग पाण्यात विरघळत नाही आणि धाग्यात उतरत नाही. पण या पुडीचा स्वभाव वाईट आहे. तिला थोडी ओल लागली की ती आतल्या आत तापू लागते, जळक्या गंधकाचा वायू सोडते आणि पेट घेते.

आमचे कोरे कापड इचलकरंजीकडच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगायला जाते. तिथे एका पावसाळ्यात रात्रपाळीला हेच झाले. पन्नास किलोचा लोखंडी डबा, त्यात दहा-बारा किलो माल उरलेला, झाकण अर्धे उघडे. कॉस्टिक काढलेला ओला मग कोणीतरी त्यातच बुडवला. अर्ध्या तासाने धूर निघाला. जवळच्या माणसाने डब्यावर झाकण दाबले आणि वर ओले पोते टाकले. आपल्याकडे आग दाबून विझवायची रीतच आहे, त्यात त्याचा काय दोष? डबा मात्र भडकला. शेजारची कापडाची दोन बॅच जळाली आणि वायू छातीत गेल्यामुळे एका कामगाराला दोन दिवस इस्पितळात राहावे लागले.

नंतर बाहेरच्या सल्लागाराने अकरा पानांचा इंग्रजी अहवाल दिला. अहवाल चांगला होता, हे कबूल केले पाहिजे. तो मालकाने वाचला, विम्याच्या माणसाने वाचला आणि कपाटात गेला. ज्याच्या हातात मग असतो त्याच्यापर्यंत त्यातला एक शब्दही पोहोचला नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात, कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे कलम १०८ मध्ये घातले गेले. पण ते सूचनांपुरते. अपघाताचा अहवाल कपाटात राहिला तर त्या कलमाने तो बाहेर येत नसे.

माझ्या बॅच अडकल्या होत्या म्हणून मी तिथे जाऊन बसलो. ऑफिसमधील एका शिकलेल्या मुलाने मराठी तर्जुमा केला होता. त्यात लिहिले होते, "सदर रसायनाचा पाण्याशी संपर्क टाळण्याची दक्षता घेण्यात यावी." आणि दोन पानांनंतर, "आग लागल्यास मुबलक प्रमाणात पाण्याचा वापर करण्यात यावा." माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी मी बाजारात, बिजकावर आणि हमालांच्या तोंडून शिकलो. त्यामुळे असली सरकारी मराठी मलाही इंग्रजीइतकीच परकी वाटते. जिगरवरच्या एका जुन्या कामगाराला तो कागद वाचायला दिला. त्याने सावकाश वाचला आणि म्हणाला, "शेठ, पाणी टाकायचं का न्हाई, तेवढं सांगा की."

त्याचा प्रश्न बरोबर होता. इंग्रजीतली दोन्ही वाक्ये खरी होती आणि तर्जुमाही चुकीचा नव्हता, पण दोन वाक्यांना जोडणारी गोष्ट कोठेच सांगितलेली नव्हती. ती अशी की थोडे पाणी हायड्रोला पेटवते आणि खूप पाणी त्याला थंड करते. ओला मग, शिंतोडे, ओले पोते, अर्धी बादली, हे सगळे थोडे पाणी. जाड नळीची जोराची, न थांबणारी धार म्हणजे खूप पाणी. शिवाय हायड्रोला जळायला बाहेरची हवा लागत नाही. म्हणून झाकण दाबून किंवा भिंतीवरच्या पावडरच्या सिलिंडरने त्याचा श्वास कोंडत नाही. अमेरिकेत वाहतुकीतील अपघातांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक वापरतात, त्यातही या जातीच्या मालासाठी भरपूर पाणीच सांगितले आहे, कारण गुदमरवून ही आग विझत नाही. याच अमेरिकेत १९९५ साली न्यू जर्सीतील लोडी गावी एका कारखान्यात हायड्रो आणि ॲल्युमिनियमची पूड यांच्या मिश्रणात पाणी शिरले आणि स्फोटात पाच कामगार मेले. तिथला माल कितीतरी जास्त होता, पण सुरुवात ओलीनेच झाली.

मग आम्ही कागद नव्याने लिहायला बसलो. सेफ्टीचा माणूस, पाळीचा मुकादम आणि तो जुना कामगार. अकरा पानांतून फक्त ती वाक्ये वेगळी काढली ज्यांत कोणाच्या तरी हाताने काही करायचे आहे. अशी नऊ निघाली. नुकसानीचा हिशेब, यंत्राचे नंबर, विम्याची कलमे खाली गेली. खरी अडचण पुढे आली. इंग्रजीत "साठवण कोरडी ठेवली जावी" म्हटले की काम कोणाचे ते गुप्त राहते. आम्ही प्रत्येक वाक्याला विचारले, कोण, केव्हा, कशाने? "योग्य उपकरण" याच्या जागी आला "हायड्रोचा कोरडा पिवळा मग". तो मग आधी बाजारातून आणावा लागला, कारण खात्यात एकच मग होता. कागद सोपा करताना असे कळते की सांगितलेली वस्तूच जागेवर नाही.

शेवटी कागदावर उतरले ते असे: "हायड्रो फक्त पिवळ्या मगाने काढा. मग आणि हात कोरडे पाहिजेत. काढले की लगेच झाकण लावा. खात्यात एकच डबा ठेवा, बाकीचे कोरड्या गोदामात फळीवर. डबा बाहेरून गरम लागला, किंवा विझलेल्या काडीसारखा वास आला, तर आग लागणारच असे समजा. ओरडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. डब्यावर वाकू नका. झाकण दाबू नका, पोते टाकू नका, लाल सिलिंडर मारू नका. दाराजवळची मोठी नळी चालू असेल तर वारा पाठीशी घेऊन लांबून धार सोडा आणि धूर थांबेपर्यंत सोडत राहा. नळी नसेल तर बादलीने पाणी मारू नका, बाहेर या आणि मुकादमाला अग्निशामक दलाला फोन करायला सांगा."

लिहून झाल्यावर परीक्षा घेतली. समजले का, असे विचारले तर प्रत्येक माणूस हो म्हणतो. म्हणून मुकादमाने रिकामा डबा ठेवला आणि कागद न पाहिलेल्या दोन मुलांना सांगितले, वाचा आणि करून दाखवा. एकाने सगळे नीट केले. दुसरा "वारा पाठीशी" येथे अडला, कारण खात्यात वारा कुठून येणार? तिथे पंखा होता. मग "पंख्याच्या बाजूने" असे लिहिले आणि त्या दाराला खडूने खूण केली. तो मुलगा अडला नसता तर हे वाक्य भिंतीवर वर्षानुवर्षे निरुपयोगी लटकले असते.

कारखानदार बंधूंनी हा कागद जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. तुमच्याकडे मोठी नळी नसेल किंवा हायड्रोचे सगळे डबे एकाच ठिकाणी असतील तर धारेचे पाणी वाहत जाऊन शेजारचे डबे ओले करील आणि एकाच्या जागी चार पेटतील. माल देणाऱ्या काही कंपन्यांच्या कागदावर कोरडी वाळूही लिहिलेली असते. म्हणून आपल्या मालाचा कागद आणि आपली जागा सेफ्टीच्या माणसाला दाखवूनच शब्द ठरवावेत.

तिथे आता कागद गेटजवळच्या फलकावर नाही, डब्याच्या वर डोळ्यांच्या उंचीवर आहे, प्लास्टिकमध्ये. खाली कोपऱ्यात प्रत्येक ओळीपुढे इंग्रजी अहवालाचा पान नंबर बारीक अक्षरात आहे, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर मूळ वाक्य काढून पाहता येईल. खात्यातील बिहार आणि ओडिशाच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. त्यांना दर महिन्याच्या पहिल्या पाळीला मुकादम हिंदीत वाचून दाखवतो आणि त्यांच्यातल्याच एकाकडून रिकाम्या डब्यावर करवून घेतो.