हृदयगतीची क्षेत्रे (वेगाने चालणे)

हृदयगतीची क्षेत्रे म्हणजे व्यायामाच्या तीव्रतेनुसार दर मिनिटाला पडणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांचे केलेले टप्पे होत. कमाल हृदयगतीच्या ५० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत दहा-दहा टक्क्यांची पाच क्षेत्रे करण्याची पद्धत रूढ आहे. नव्याने चालू लागणाऱ्याचा संबंध मुख्यतः खालच्या दोन-तीन क्षेत्रांशी, म्हणजे मध्यम तीव्रतेशी येतो.

कमाल हृदयगती काढण्यासाठी २२० मधून वय वजा करतात. हे सूत्र ढोबळ असून एकाच वयाच्या दोन व्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज आढळतो. विश्रांतीतील गती जमेस धरणारी कार्व्होनेन यांची पद्धत (१९५७) व्यक्तीला अधिक जवळची ठरते.

उदाहरणार्थ, वय ५० वर्षे व सकाळी उठल्यावर मोजलेली नाडी ७४ असल्यास कमाल गती १७० येते. दोहोंतील अंतर ९६. त्याचे ४० ते ६० टक्के, म्हणजे सुमारे ३८ ते ५८ ठोके ७४ मध्ये मिळवले की मध्यम तीव्रतेचे क्षेत्र ११२ ते १३२ असे मिळते. चालता चालता थांबून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजावेत व चारने गुणावेत. येथे २८ ते ३३ ठोके भरले पाहिजेत. थांबल्यावर गती झपाट्याने उतरते. त्यामुळे मोजणीस उशीर झाला, तर आकडा खोटा कमी येतो.

मालगुंडसारख्या कोकण किनाऱ्यावरील गावात पावसाळ्यात चालणे बहुधा पडवीत किंवा ओटीवरच करावे लागते. तेथे दर आठ-दहा पावलांनी वळावे लागते आणि प्रत्येक वळणावर वेग मोडतो. परिणामी अर्धा तास चालूनही नाडी शंभराच्या आतच राहते, असे घडू शकते. अशा वेळी केवळ वेळ वाढवून क्षेत्र बदलत नाही. हात जोराने हलवणे, जागच्या जागी गुडघे उचलणे किंवा घराच्या पायऱ्या काही वेळ चढणे-उतरणे यांनी गती वाढते. याउलट दमट उकाड्यात घाम लवकर सुकत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त जाते आणि त्याच वेगाला ठोके अधिक पडतात. तेव्हा आकडा क्षेत्रात ठेवून वेग कमी करणे योग्य.

आकड्याचा पडताळा बोलण्यावरून घेता येतो. मध्यम क्षेत्रात पूर्ण वाक्ये बोलता येतात, पण गाता येत नाही. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर तीव्रता वाढलेली असते.

रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्यांची हृदयगती औषधामुळे दबलेली असते. त्यांना सूत्राचा आकडा गाठण्याचा प्रयत्न धोक्याचा ठरू शकतो. बोलण्याची कसोटी व वैद्यकीय सल्ला हेच त्यांच्यासाठी प्रमाण होय. छातीत दाब जाणवणे, भोवळ येणे किंवा नाडी अनियमित लागणे, असे झाल्यास आकडा काहीही असो, चालणे तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.