घरी नेलेल्या गोळ्यांची पिशवी

अँजिओप्लास्टी झालेल्या साठीच्या एका काकांचं उदाहरण घेऊ. डिस्चार्ज मिळाला, पिशवीत ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, मेटोप्रोलॉल २५, ॲटोरव्हास्टॅटिन ८० आणि पोटासाठी पँटोप्रॅझोल. काकांची पहिली शंका अगदी स्वाभाविक असते: "एवढ्या गोळ्या एकदम घेतल्या तर एकमेकींना मारक ठरणार नाहीत ना?"

नाही ठरणार. सकाळी नाश्त्यानंतर पहिल्या तीन एकत्र घेतल्या तरी चालतात, कारण प्रत्येकीचं काम निराळ्या जागी आहे. पँटोप्रॅझोल तेवढी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी करतात, ते चिकटणं ॲस्पिरिन एका मार्गाने रोखते आणि क्लोपिडोग्रेल दुसऱ्या. म्हणून दोन्ही लागतात. मेटोप्रोलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर, ती ठोक्यांचा वेग आणि रक्तदाब कमी करून दुखावलेल्या स्नायूवरचा ताण हलका करते. ॲटोरव्हास्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करते. ती रोज एका ठरलेल्या वेळी घेतली की झालं, रात्रीच हवी असं नाही.

खरा धोका या गोळ्यांच्या एकत्र येण्यात नाही, घरात आधीपासून असलेल्या गोळ्यांत आहे. म्हणून समुपदेशन करताना मी नातेवाइकांना सांगते, जुन्या गोळ्यांचा डबाही घेऊन या. काकांच्या सूनबाईंनी आणलेल्या डब्यात रक्तदाबासाठी पूर्वी लिहिलेली ॲटेनोलॉल असते. नाव वेगळं, पाकीट वेगळं, पण तीही बीटा ब्लॉकरच. दोन्ही चालू राहिल्या तर नाडी ४५ पर्यंत उतरू शकते, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. म्हणून पाकिटावरच्या ब्रँडपेक्षा खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचावं लागतं, दुकानदाराने बदलून दिलेल्या ब्रँडचंसुद्धा. कधी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्येही येतात, तेव्हा सुट्या गोळ्या वर घेतल्या तर डोस दुप्पट होतो. काकांना एक मिनिट पूर्ण नाडी मोजायला शिकवायची. ती ५० च्या खाली असेल आणि चक्कर येत असेल, तर पुढची मेटोप्रोलॉल घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. मात्र ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, छातीतलं दुखणं उलटून येऊ शकतं. तिचा हळूहळू सुटणारा प्रकार असेल तर चावून किंवा कुटूनही घ्यायची नाही.

दुसरं वळण सहसा दोन-तीन महिन्यांनी येतं. काका बरे असतात, दाढ दुखायला लागते आणि कुणीतरी सांगतं, "रक्त पातळ करणारी गोळी आठ दिवस बंद ठेवा." स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर शरीराचा स्वतःचा अस्तराचा थर चढेपर्यंत प्लेटलेट तिला चिकटू पाहतात. या काळात दोन्ही गोळ्या थांबल्या तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो, पुन्हा झटका येऊ शकतो. दाढ काढताना रक्त दाबून धरून किंवा टाका घालून बहुधा थांबवता येतं, म्हणून दंतवैद्याने आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावं. दोन्ही गोळ्या बहुतेकदा १२ महिने सांगितल्या जातात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर हा काळ डॉक्टर कमी करतात. त्यानंतरही ॲस्पिरिन साधारणपणे चालू राहते.

गुडघा दुखला म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणणं हे मला जास्त काळजीचं वाटतं, कारण कुणाला ते औषध वाटतच नाही. या गोळ्या ॲस्पिरिनसोबत पोटातला रक्तस्राव वाढवतात, आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामाच्याही आड येते. दुखण्यावर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्यावी. हातावर एखादा निळा डाग उठणं चालण्यासारखं आहे. डांबरासारखी काळी शौच झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

स्टॅटिनबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात. पोटऱ्या, मांड्या दोन्हीकडे सारख्या दुखू लागल्या आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं. असं क्वचित होतं. नुसती कणकण असेल तर गोळी सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. ते रक्त तपासून डोस किंवा औषध बदलतात.

सहा आठवड्यांनी काकांची तपासणी होते. एलडीएल १४२ वरून ६८ वर आलेलं असतं. ते खूश होऊन विचारतात, "आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू ना?" आकडा उतरला आहे तो गोळीमुळेच. ती थांबवली तर काही आठवड्यांत तो पुन्हा चढेल. शिवाय झटका येऊन गेलेल्यांसाठी तो ५५ च्या खाली आणायचा असतो. त्यामुळे डॉक्टर ॲटोरव्हास्टॅटिन तशीच ठेवून तिच्या जोडीला एझेटिमिब १० लिहितात आणि कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख घालतात.